बेन्नूवरचे आटलेले पाणी

अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दगडाच्या एका काळ्या कणावर पांढरी पापुद्र्यासारखी पुटे दिसली. तपासल्यावर ते सोडियम कार्बोनेटच्या कुळातले मीठ निघाले. हा कण बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून आणलेला. बेन्नू जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद, हवा नाही, पाणी नाही, आणि गुरुत्व इतके क्षीण की त्यावर उडी मारणारा माणूस परत खाली येणार नाही. तरीही त्या कणावर जे मीठ होते ते फक्त एकाच प्रकारे तयार होते: आधी खारट पाणी साचावे लागते आणि मग ते हळूहळू आटावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे मीठ अपरिचित नाही. लोणारच्या सरोवराचे पाणी उन्हाळ्यात मागे हटले की काठावर खाराचा थर उरतो. तो खार पूर्वी गोळा करून विकला जाई. त्यातला मुख्य घटक ट्रोना, म्हणजे सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट पाण्यासह एकत्र बसलेले खनिज. बेन्नूच्या कणांतही ट्रोना सापडला. इथे एक खुलासा आधीच करून टाकतो. लोणारचे विवर अवकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने झाले हे खरे, पण तिथला खार त्या दगडातून आलेला नाही. भोवतालच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपलेले पाणी बाहेर जायला वाट नसलेल्या खोलगट जागी साचले, आटले, आणि खार उरला. दोन्हीकडे सारखे आहे ते रसायन, आणि तेच महत्त्वाचे आहे. बेन्नूवर आज जिथे काहीच ओले नाही, तिथे कधीकाळी लोणारसारखे अल्कधर्मी, खारट पाणी होते.

हे कळायला तो कण पृथ्वीवर विशिष्ट पद्धतीनेच यायला हवा होता. उल्का तर रोज पडतात आणि त्यांचे उरलेले तुकडे, म्हणजे अशनी, जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण ट्रोनासारखी आणि साध्या मिठासारखी खनिजे हवेतल्या दमटपणाने विरघळतात किंवा बदलून जातात. अशनी शेतात पडून राहिला, एक पाऊस त्यावर झाला, की हा पुरावा धुऊन गेलाच म्हणून समजा. १९९८ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या मोनाहान्स गावी पडलेला अशनी दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला, म्हणून त्यात मिठाचे स्फटिक आणि त्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब सापडले. तो नशिबाचा भाग होता. नशिबावर विसंबायचे नसेल तर लघुग्रहावर जाऊन माती उचलून, तिला हवा न लागू देता परत आणावी लागते.

नासाचे ओसायरिस-रेक्स हे यान सप्टेंबर २०१६ मध्ये निघाले, २०१८ च्या डिसेंबरात बेन्नूजवळ पोहोचले आणि २० ऑक्टोबर २०२० रोजी त्याने आपला लांब हात बेन्नूला टेकवला. टेकवणे काही सेकंदांचेच ठरले होते. हाताच्या टोकाशी असलेल्या गोल डब्याने नायट्रोजन वायूचा झोत सोडायचा आणि उडालेली माती आत पकडायची, अशी योजना. प्रत्यक्षात बेन्नूचा पृष्ठभाग इतका सैल निघाला की हात जवळजवळ अर्धा मीटर आत घुसला. डबा इतका भरला की मोठे खडे झाकणात अडकले, झाकण पूर्ण बंद होईना, आणि कण बाहेर गळू लागले. मोजमाप करत बसण्याऐवजी पथकाने डबा घाईघाईने कुपीत बंद केला. कुपी २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात पॅराशूटने उतरली. त्यानंतर ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये डब्याचे झाकण उघडताना दोन स्क्रू अडकले. नमुना नायट्रोजनने भरलेल्या पेटीत होता आणि पेटीत वापरता येतील अशी मोजकीच अवजारे होती, म्हणून नवी अवजारे बनवावी लागली आणि डबा पूर्ण उघडायला २०२४ चा जानेवारी उजाडला. हाती लागले १२१.६ ग्रॅम. उद्दिष्ट ६० ग्रॅमचे होते.

त्याआधी जपानने रियुगू या लघुग्रहावरून असाच नमुना आणला होता. हायाबुसा-२ यानाची कुपी डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथे उतरली तेव्हा तिच्यात ५.४ ग्रॅम माती होती. बेन्नू आणि रियुगू दोघेही काळे, कार्बनने समृद्ध आणि दगडगोट्यांचे ढिगारे. दोघेही एकेकाळच्या मोठ्या पिंडांचे तुकडे आहेत. ते मोठे पिंड फुटले, तुकडे विखुरले आणि त्यांतले काही गुरुत्वाने पुन्हा गोळा झाले. त्यामुळे आपण बेन्नूची गोष्ट सांगतो तेव्हा खरी गोष्ट त्याच्या हरवलेल्या जनकपिंडाची असते.

तो पिंड सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, सूर्यापासून दूर, बर्फ टिकेल अशा थंडीत तयार झाला. धूळ, बर्फ आणि साधे कार्बनी पदार्थ एकत्र आले. पण थंडीत गोठलेले पाणी काही घडवत नाही. ते वितळायला उष्णता हवी, आणि ती त्या काळात दगडातच होती. ॲल्युमिनियम-२६ हे किरणोत्सारी समस्थानिक तेव्हा सूर्यमालेच्या धुळीत मिसळलेले होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षे. म्हणजे काही दशलक्ष वर्षे ते पिंडाला आतून ऊब देते आणि मग विझून जाते. या एका आकड्यावर पुढची सगळी कथा अवलंबून आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

बर्फ वितळला आणि पाणी दगडात मुरले. ऑलिव्हिन आणि पायरॉक्झिन ही मूळची कोरडी खनिजे पाण्याशी संयोग पावून सर्पेंटाइन आणि सॅपोनाइट या चिकणमातीच्या खनिजांत बदलली. या खनिजांच्या थरांत पाणी बांधले गेलेले असते. ते ओले लागत नाही, पण तापवले की सुटते. आज बेन्नूच्या खनिजांपैकी सुमारे ८० टक्के अशी पाणी बाळगणारी आहेत. यानाने तिथे पोहोचताच, माती हातात येण्याच्या दोन वर्षे आधी, परावर्तित प्रकाशातून हे ओळखले होते. हायड्रॉक्सिल गट बांधलेली खनिजे अवरक्त प्रकाशातल्या २.७ मायक्रॉनच्या आसपासचा भाग शोषतात आणि बेन्नूच्या प्रकाशात नेमकी तीच खाच दिसत होती. एवढेच नाही, काही मोठ्या धोंड्यांवर कार्बोनेट खनिजांच्या पांढुरक्या शिरा दिसल्या. काही सेंटिमीटर रुंद, मीटरभर लांब. इतकी जाड शीर भरायला दगडाच्या भेगेतून पाणी दीर्घकाळ वाहावे लागते. रियुगूच्या एका स्फटिकात तर त्या पाण्याचाच थेंब अडकलेला सापडला, त्यात कार्बन डायऑक्साइड, क्षार आणि सेंद्रिय पदार्थ विरघळलेले होते. ते पाणी उकळते नव्हते. रियुगूच्या बाबतीत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास निघाले आहे, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्याएवढे.

आता येतो आटण्याचा भाग. पाणी चिकणमातीत शोषले जात होते, काही भेगांतून वाफ होऊन जात होते, उरलेले पुन्हा गोठत होते. या सगळ्यात उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होत गेले. उरण-पेणच्या मिठागरात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते की खाडीचे पाणी आटताना सगळे क्षार एकदम बाहेर पडत नाहीत. कमी विरघळणारे आधी बसतात, मीठ मागून येते आणि सगळ्यात जास्त विरघळणारे शेवटच्या कडवट पाण्यात राहतात. बेन्नूच्या कणांत हाच क्रम वाचता आला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे टिम मॅकॉय, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या सारा रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये तो मांडला. आधी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची कार्बोनेटे आणि फॉस्फेटे, शेवटी सोडियम कार्बोनेट, साधे मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड. रियुगूच्या मातीतही सोडियम कार्बोनेटाच्या शिरा सापडल्या आहेत, तेव्हा बेन्नू हा अपवाद नव्हे.

या क्रमाचा जीवनाच्या घटकांशी संबंध काय? दाट खारट पाणी तीन गोष्टी करते. एक, ते शून्याखालीही द्रव राहते, त्यात अमोनिया असेल तर आणखीच. त्यामुळे रसायनाला जास्त वेळ मिळतो. दुसरे, पाणी कमी होत गेले की त्यात विरघळलेले सेंद्रिय रेणू एकमेकांच्या जवळ येतात. विस्तीर्ण समुद्रात पसरलेल्या दोन रेणूंची गाठ पडणे दुर्मीळ, पण आटत्या डबक्यात ते एकमेकांना सोडत नाहीत. तिसरी गोष्ट फॉस्फेटाची. आनुवंशिक रेणूंचा कणा साखर आणि फॉस्फेट यांचा असतो, पण पृथ्वीवरच्या खडकांत फॉस्फेट बहुतेक ॲपाटाइटमध्ये अडकलेले असते आणि ते पाण्यात फारसे विरघळत नाही. जीवनाच्या उगमाचा अभ्यास करणाऱ्यांना ही जुनी अडचण आहे. बेन्नूच्या काही कणांत मात्र मॅग्नेशियम-सोडियम फॉस्फेट आढळले, आणि त्याची रचना पाण्यातून साकळून आल्याची खूण आहे. अडचण पृथ्वीवरच्या खडकांची होती, ती सगळीकडची नव्हती, असे त्यामुळे म्हणता येते.

सेंद्रिय रेणूंकडे वळू. त्याच महिन्यात नासाच्या गोडार्ड केंद्राचे डॅनियल ग्लॅव्हिन, जेसन ड्वर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’मध्ये आला. पद्धत वाचायला सोपी वाटते. काही मिलिग्रॅम भुकटी अतिशुद्ध पाण्यात काचेच्या सीलबंद नळीत घालून दिवसभर १०० अंशांवर ठेवायची, मग ते पाणी गाळून त्यात काय उतरले ते द्रव-क्रोमॅटोग्राफीने वेगळे करायचे. अमिनो आम्लांना एक असे रसायन चिकटवतात की ते विशिष्ट प्रकाशात चमकतात, आणि प्रत्येकाची बाहेर येण्याची वेळ वेगळी असते. अवघड भाग आहे तो स्वच्छतेचा, कारण माणसाच्या बोटाच्या एका ठशात या सगळ्या नमुन्यात असेल त्याहून जास्त अमिनो आम्ल असू शकते.

सापडले काय? पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी १४. जीवसृष्टी वापरत नाही अशी आणखी १९. डीएनए आणि आरएनए यांच्यातली पाचही अक्षरे, म्हणजे ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन आणि युरासिल. नायट्रोजन असलेली सुमारे दहा हजार वेगवेगळी संयुगे. आणि अमोनिया, तोही भरपूर, दशलक्षांत २३० भाग. यादीत मला सर्वात बोलका वाटतो तो अमोनियाच. अमिनो आम्लांवर वर्तमानपत्रे मथळे करतात, पण अमोनिया हा अतिशय उडून जाणारा पदार्थ आहे. सूर्याजवळच्या उबेत तो बर्फ म्हणून टिकत नाही. त्यातल्या जड नायट्रोजनचे, म्हणजे नायट्रोजन-१५ चे प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा स्पष्ट जास्त आहे, आणि अशी वाढ सूर्यमाला घडत होती तेव्हाच्या अतिथंड ढगांत होते. म्हणजे जनकपिंड बाहेरच्या थंड भागात घडला आणि नंतरही त्याला फारसा ताप लागला नाही. अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड ही जोडी अल्कधर्मी पाण्यात एकत्र आली की अमिनो आम्ले बनण्याची वाट मोकळी होते, आणि बेन्नूत दोन्ही आहेत.

साहजिकच प्रश्न पडतो की हे रेणू खरेच तिकडचे, की ह्यूस्टनच्या कुणाच्या बोटांचे? ओळखण्याच्या खुणा आहेत, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. ग्लायसिन सोडले तर बहुतेक अमिनो आम्ले दोन रूपांत असतात, डावे आणि उजवे, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. पृथ्वीवरची प्रथिने जवळजवळ सगळी डाव्याच रूपाची. म्हणून बाहेरचा मळ लागला असता तर डावे जास्त दिसले असते. बेन्नूत दोन्ही जवळपास समसमान आहेत. दुसरी खूण विपुलतेची. पाच कार्बनच्या अमिनो आम्लांच्या जितक्या रचना शक्य आहेत, त्यांतल्या बऱ्याच तिथे आहेत. सजीव असे करत नाही, त्याला लागतात तेवढ्या थोड्या तो निवडून बनवतो. निर्जीव रसायन मात्र जमेल ते सगळे बनवते. तिसरी खूण वर सांगितलेल्या जड समस्थानिकांची. यान बांधतानाही काळजी घेतली होती. नमुन्याजवळ येणाऱ्या वस्तूंत नायलॉनला बंदी होती, कारण नायलॉन विघटित होऊन अमिनो आम्लच सोडते. स्टारडस्ट या आधीच्या मोहिमेत धूमकेतूच्या धुळीत याच कारणाने घोळ झाला होता. हे ऐकताना कुणाला अतिरेक वाटेल, पण पुढचे वाचा.

रियुगूचा मिलिमीटरभर आकाराचा एक कण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये मॅथ्यू जेन्ज यांच्याकडे आला. तो नायट्रोजनमध्ये बंद ठेवून आणला होता. क्ष-किरणांनी आतून पाहिले तेव्हा त्यात काही वेगळे नव्हते. पुढे तो राळेत बसवून घासला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यावर तंतू आणि दांड्यांच्या आकाराचे सूक्ष्मजीव! मंगळावरच्या अशनीबद्दल १९९६ साली उठलेला गाजावाजा आठवणाऱ्यांना इथे मोह झाला असता. या पथकाने मात्र तंतू मोजायला सुरुवात केली. काही आठवड्यांत ते ११ वरून १४७ झाले आणि मग कमी झाले. वाढीचा हा वेग पृथ्वीवरच्या जीवाणूंचा असतो. अब्जावधी वर्षे कोरड्या दगडात पडून असलेले काही असे दोन महिन्यांत वाढत-घटत नाही. शिवाय क्ष-किरणांच्या आधीच्या चित्रांत ते नव्हतेच. निष्कर्ष २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केला: जीव इथलेच, नमुना तयार करताना लागलेले. यातून एक जास्तीची गोष्टही कळली. पृथ्वीवरच्या जीवाणूंना हा लघुग्रहाचा दगड खायला चालतो, त्यात त्यांना पुरेल इतके अन्न आहे.

इथपर्यंतची गोष्ट उत्साहाची आहे. आता ती जिथे थांबते तिथे जाऊ, कारण माझ्या मते बेन्नूचे खरे शिक्षण तिथेच आहे.

डाव्या-उजव्याची गोष्ट पुन्हा घेऊ. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत आयसोव्हॅलिन नावाच्या अमिनो आम्लाचे डावे रूप उजव्यापेक्षा जास्त होते, काही मापनांत फरक १८ टक्क्यांपर्यंत. आयसोव्हॅलिन सजीव क्वचितच वापरतात, म्हणून त्याला पृथ्वीचा मळ म्हणून बाजूला सारता येईना. त्यावरून एक आकर्षक तर्क रुजला: सूर्यमालेच्या बाल्यावस्थेतच डाव्या रूपाकडे झुकाव होता, अशनींनी तो पृथ्वीवर आणला आणि जीवसृष्टीने तो उचलला. बेन्नूतले आयसोव्हॅलिन मात्र समसमान निघाले. या रेणूची रचना अशी आहे की पाण्यात कितीही वर्षे राहिला तरी तो सहजासहजी आपली बाजू बदलत नाही. म्हणजे ‘आधी झुकाव होता, पण पाण्याने पुसला’ ही पळवाट इथे फारशी चालत नाही. एका लघुग्रहाने तर्क खोटा ठरत नाही, पण तो दुबळा नक्कीच झाला आहे. डाव्या रूपाची निवड पृथ्वीवर झाली असण्याची शक्यता वजनदार झाली आहे, आणि ती कशी झाली हे शोधण्याचे काम पृथ्वीवरच्या रसायनाकडे परत आले आहे.

दुसरी अपूर्णता साखळीची. अमिनो आम्ले सुटी सापडली, प्रथिनासारखी लांब माळ नाही. पाचही अक्षरे सापडली, पण अक्षर, साखर आणि फॉस्फेट जोडून बनणारी आरएनएची एकही कडी नाही. साखरेचा प्रश्न काही काळ उघडा होता. डिसेंबर २०२५ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठाचे योशिहिरो फुरुकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेन्नूच्या मातीत रायबोज आणि ग्लुकोज सापडल्याचे ‘नेचर जिओसायन्स’मध्ये सांगितले. रायबोज ही आरएनएची साखर. मर्चिसनमध्ये ती याच शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवली होती, पण तेव्हा अशनी पृथ्वीवर पन्नास वर्षे राहिलेला असल्याने शंकेला जागा होती. बेन्नूत ती जागा उरत नाही. डीएनएची साखर, डीऑक्सिरायबोज, मात्र मिळाली नाही. आरएनए आधी आणि डीएनए नंतर या मताला यामुळे बळ मिळते, पण एका नमुन्यातली अनुपस्थिती हा पक्का पुरावा नव्हे. डीऑक्सिरायबोज बनतही असेल आणि टिकत नसेल.

म्हणजे आरएनएचे तिन्ही भाग, अक्षरे, साखर आणि फॉस्फेट, एकाच मातीत आहेत, एका खारट पाण्यात एकेकाळी एकत्र होते, तरी जोडलेले नाहीत. का? दोन कड्या जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर जोड उलटा फिरतो, कडी सुटते. म्हणून जोडायला ओले आणि कोरडे यांचा फेरा लागतो: पाण्यात मिसळायचे, कोरडे होऊन जोडायचे, पुन्हा भिजायचे, आणि हे अनेकदा. पृथ्वीवर तळ्याच्या काठी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, गरम झऱ्यांपाशी असा फेरा रोजचा असतो. बेन्नूच्या जनकपिंडात पाणी एका दिशेने आटत गेले. ॲल्युमिनियम-२६ संपत आले, ऊब गेली, उरलेले खारट पाणी गोठले किंवा सुकले, आणि रसायन जिथे होते तिथे थांबले. बाहेरून उजेड नाही, पाऊस नाही, पुन्हा तापवणारे काही नाही. थांबल्यावर साडेचार अब्ज वर्षे त्याला कुणी हात लावला नाही. आपल्याला मिळाला तो अर्धवट सोडलेला प्रयोग, जसाच्या तसा.

सूर्यमालेत हा प्रयोग इतरत्र आणखी पुढे गेला असेल का, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याला जागा आहेत. सेरेस या बटुग्रहावर ऑकेटर विवरात चकाकणारे सोडियम कार्बोनेटाचे डाग डॉन यानाने पाहिले. शनीच्या एन्सेलाडस चंद्राच्या बर्फाखालच्या समुद्रातून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला सोडियमचे क्षार आणि फॉस्फेट सापडले. म्हणजे बेन्नूतले खारट रसायन हा एकट्याचा योगायोग नाही. फरक असा की सेरेस मोठा आहे, त्याने ऊब जास्त काळ धरली, आणि एन्सेलाडसला शनीच्या ओढाताणीने ऊब आजही मिळते. एन्सेलाडसवर पाणी अजून द्रव आहे. तिथे पाणी कमी कधी पडत नाही, ही मात्र उलट अडचण.

त्यामुळे ‘जीवन अवकाशातून आले’ असे बेन्नू सांगत नाही. पृथ्वीच्या पहिल्या काळात अशा पिंडांचा भरपूर मारा झाला आणि त्यांनी अमोनिया, साखर, अमिनो आम्ले, फॉस्फेट आणि चिकणमातीतले पाणी आणून टाकले, एवढेच पुराव्याला धरून म्हणता येते. साहित्य पृथ्वीवरही बनत असणारच. किती इथले आणि किती तिकडचे, याचे प्रमाण आज कुणी ठरवू शकत नाही. पण एक जुनी भीती संपली. जीवनाचे कच्चे साहित्य दुर्मीळ असावे, ते एखाद्या विलक्षण योगायोगाने जमले असावे, ही ती भीती. साहित्य स्वस्त आहे. थंड धूळ, बर्फ, थोडी ऊब आणि आटणारे पाणी एवढे मिळाले की ते बनते. महाग आहे ते निवडणे आणि जोडणे.

नासाने बेन्नूच्या मातीचा किमान ७० टक्के भाग पुढच्या पिढीच्या शास्त्रज्ञांसाठी न वापरता ठेवायचे ठरवले आहे, त्यामुळे बातम्या येत राहतील. त्यांत कधी ‘लघुग्रहावर जीवनाचा पुरावा’ असा मथळा दिसला, तर वाचकाने दोन प्रश्न विचारावेत: सापडलेल्या अमिनो आम्लांत डावे आणि उजवे किती, आणि कण पृथ्वीवर आल्यावर त्याला हवा कधी लागली? या दोन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर मथळ्यावर विश्वास ठेवू नये.